सुरीची रेघ आणि तिचा पट्टा

पत्रक छापण्याचा प्रसंग आला म्हणजे मनुष्य मजकुराचा विचार करतो, चित्रांचा करतो, दराची घासाघीस तर मनापासून करतो. परंतु छापून झालेला कागद शेवटी सुरीखाली जाणार आहे, ही गोष्ट त्याच्या ध्यानी सहसा येत नाही, आणि आली तरी संगणकाच्या पडद्यावर पानाची जी कड दिसते तीच कड हुबेहूब कागदावर उतरेल, अशी त्याची समजूत असते. खिळ्यांच्या छपाईच्या काळी ही समजूत फारशी महागात पडत नसे. जुळारी आपले खिळे लोखंडी चौकटीत आवळून बसवी, मजकुराभोवती कोऱ्या कागदाचा समास आपसूक राही, आणि कापताना कागद केसभर इकडे किंवा तिकडे सरकला तरी समास थोडा अरुंद किंवा थोडा रुंद दिसण्यापलीकडे काही बिघडत नसे. ऑफसेटची रंगीत छपाई स्वस्त झाली आणि फराळाच्या पत्रकापासून शिकवणीवर्गाच्या जाहिरातीपर्यंत सर्वांनाच कागदाच्या कडेपर्यंत गर्द रंग हवासा वाटू लागला, तेव्हापासून मात्र सुरीच्या या केसभर चुकीला एकाएकी महत्त्व आले.

आमच्या परिचयाच्या एक बाई दरवर्षी दिवाळीच्या फराळाच्या मागण्या घेतात. एका वर्षी त्यांनी पत्रक स्वतःच रचले. माप ए-फाइव्हचे, म्हणजे 148 मिलिमीटर रुंद आणि 210 मिलिमीटर उंच; पार्श्वभूमी किरमिजी रंगाची, ती थेट कडेपर्यंत; कडेपासून बरोबर 3 मिलिमीटर आत चहूबाजूंनी सोनेरी रेघ; आणि तळाशी, कडेपासून 5 मिलिमीटरवर, मागणी नोंदवण्याचा दूरध्वनी क्रमांक. पडद्यावर हे पत्रक फार देखणे दिसत होते. फाईल छापखान्यात गेली, हजार प्रती बांधून आल्या, आणि गठ्ठा सोडून पाहतात तो वरची आणि खालची सोनेरी रेघ साफ नाहीशी झालेली, डाव्या-उजव्या बाजूची रेघ काही प्रतींवर दोऱ्यासारखी उरलेली तर काहींवर मुळीच नाही, आणि दूरध्वनी क्रमांक असा कडेला टेकलेला की पुढच्या क्षणी कागदावरून घसरून पडावा. बाईंनी छापखान्यात जाऊन कैफियत मांडली, तेव्हा मालक शांतपणे म्हणाले, “ताई, तुमच्या फाईलला ब्लीडच नव्हते. आम्ही थोडी मोठी करून घेतली.”

या एका वाक्यात सगळ्या घोटाळ्याचे मूळ आहे. परंतु ते समजण्यासाठी आधी कापण्याचे काम प्रत्यक्षात कसे चालते, ते पाहिले पाहिजे. पत्रके एकेक करून छापली जात नाहीत. 18 बाय 25 इंचांच्या कागदावर ए-फाइव्हची आठ पत्रके शेजारीशेजारी बसतात. असे ताव छापून झाले की त्यांची थप्पी लावून ती कटिंग मशीनच्या पाटावर ठेवतात, वरून एक जड दाबपट्टी खाली येऊन थप्पीला आवळते, आणि मग लांब पाते तिरके उतरत शेकडो ताव एका दमात कापून काढते. पाते उतरताना थप्पीतला कागद किंचित ओढला जातो, त्यामुळे वरच्या तावाचा काप आणि तळच्या तावाचा काप एकाच जागी पडेल, याची हमी कोणी देऊ शकत नाही. त्याच्याही आधी छपाईच्या वेळी प्रत्येक ताव यंत्रात अगदी त्याच जागी टेकतो असे नाही. आणि पावसाळी हवेत कागद ओलावा पितो तेव्हा त्यातील तंतू जाडीत फुगतात, म्हणून तंतूंच्या आडव्या दिशेने ताव किंचित वाढतो, ही आणखी एक भर. कटिंगवाल्याचा हात कितीही बसलेला असला तरी या तिन्ही कारणांची बेरीज मिलिमीटर-दीड मिलिमीटरच्या घरात सहज जाते. ही काही छापखान्याची लबाडी नव्हे आणि हलगर्जीही नव्हे. कागद, हवा आणि लोखंड यांचा तो स्वभाव आहे.

तेव्हा पडद्यावर आपण जी कापण्याची रेघ म्हणून पाहतो, ती वस्तुतः रेघ नसून एक अरुंद पट्टा आहे, आणि सुरी त्या पट्ट्यात कोठेही पडेल, एवढेच आपणांस आगाऊ ठाऊक असते. फाईल रचण्याचे सारे नियम या एका गोष्टीतून निघतात. सुरी बाहेरच्या अंगाला पडली तर तेथेही रंग असला पाहिजे, नाहीतर किरमिजी पत्रकाच्या कडेला पांढऱ्या कागदाची किनार उघडी पडेल. म्हणून रंग कापण्याच्या रेघेच्या पलीकडे चहूबाजूंनी 3 मिलिमीटर वाढवावयाचा, आणि या जादा रंगालाच छापखान्याच्या भाषेत ब्लीड म्हणतात. सुरी आतल्या अंगाला पडली तर तेथे कामाचे काहीही असता कामा नये, नाहीतर अक्षर कापले जाईल. म्हणून मजकूर, बोधचिन्ह आणि क्रमांक कापण्याच्या रेघेपासून निदान 3 आणि शक्य तर 5 मिलिमीटर आत ठेवावयाचे. या आतल्या मोकळ्या पट्टीला सेफ मार्जिन म्हणतात. ए-फाइव्हच्या बाबतीत हिशेब असा पडतो: कापून हाती येणारे पत्रक 148 बाय 210, ब्लीडसह फाईलचा विस्तार 154 बाय 216, आणि मजकुरासाठी निर्धास्त जागा 138 बाय 200 मिलिमीटर. ज्या पत्रकाची पार्श्वभूमी कोरी पांढरी आहे आणि ज्याच्या कडेला शाई कोठेच भिडत नाही, त्याला ब्लीडची मुळीच गरज नसते, हेही येथेच नमूद करणे बरे. पुष्कळदा छापखाना सरसकट सर्वांकडे ब्लीड मागतो आणि गिऱ्हाईक विनाकारण घाबरते.

आता फराळाच्या पत्रकाकडे वळू. छापखान्याला 154 मिलिमीटर रुंदीचा रंग हवा होता आणि फाईल 148 मिलिमीटरची होती. तेव्हा तेथील मुलाने सर्वांत सोपी तजवीज केली: संपूर्ण पत्रक प्रमाणात ओढून सुमारे चार टक्क्यांनी मोठे केले. रुंदी 154 झाली, उंची साडेअठरा मिलिमीटरने दोनशेच्या वर गेली, आणि ब्लीड मिळाले. परंतु पत्रक मध्यबिंदूपासून फुगते तेव्हा कडेजवळची वस्तू सर्वांत जास्त बाहेर ढकलली जाते, आणि लांब बाजूच्या टोकांना ती अधिकच ढकलली जाते. तळाचा क्रमांक मध्यबिंदूपासून 100 मिलिमीटर अंतरावर होता. चार टक्के फुगल्यावर तो 104 मिलिमीटरांवर गेला, आणि कापण्याची रेघ तर 105 वर. पाच मिलिमीटरची सुरक्षित जागा अशी एका मिलिमीटरवर आली. सोनेरी रेघेचे त्याहून वाईट झाले: वरखालची रेघ मध्यापासून 102 मिलिमीटरांवर होती, ती 106 वर जाऊन कापण्याच्या रेघेबाहेर पडली आणि रद्दीत गेली; बाजूंची रेघ 71 वरून जवळजवळ 74 वर, म्हणजे थेट सुरीखाली आली. म्हणून ती काही प्रतींवर उरली आणि काहींवर नाही. ब्लीड हे फाईल मोठी करून मिळत नाही, ते फक्त पार्श्वभूमी वाढवून मिळते, हे या हिशेबावरून कळावे. मजकूर आपल्या जागी राहिला पाहिजे आणि केवळ रंग किंवा छायाचित्र बाहेर सरकले पाहिजे. पार्श्वभूमी एकाच रंगाची असेल तर तिचा आयत ओढून मोठा करणे हे क्षणाचे काम आहे. छायाचित्र असेल तर तेवढेच थोडे मोठे करावे, आणि त्या छायाचित्राच्या कडेला कोणाचा चेहरा किंवा लाडवाचे ताट येत असेल, तर ते कापले जाणार हे पत्करून छायाचित्र निवडावे.

सोनेरी चौकटीचा प्रश्न मात्र ब्लीड देऊनही सुटत नाही, आणि याचे कारण नजरेत आहे. समजा, सुरी एक मिलिमीटर उजवीकडे सरकली. रेघ कडेपासून 3 मिलिमीटरवर असेल तर एका बाजूला 2 आणि दुसऱ्या बाजूला 4 मिलिमीटर राहतील, म्हणजे एक बाजू दुसरीच्या दुप्पट. कोणाही वाचकाच्या डोळ्याला ते खुपते आणि पत्रक वाकडे कापले असे वाटते. तीच रेघ कडेपासून 8 मिलिमीटरवर असती तर 7 आणि 9 झाले असते, आणि हा फरक पट्टी लावल्यावाचून कोणाला कळला नसता. कापताना होणारी सरक तेवढीच. ती कोठे चुगली करते आणि कोठे गप्प राहते, एवढाच भेद. माझे स्वतःचे मत असे की पत्रकाला कडेलगत बारीक चौकट घालूच नये. ती घालण्याचा मोह खिळ्यांच्या काळातल्या वेलबुट्टीच्या किनारीपासून आपल्यात उतरला असावा, परंतु त्या काळी किनारीबाहेर कोऱ्या कागदाचा ऐसपैस समास असे, हे आपण विसरलो. चौकट हवीच असेल तर ती 8 ते 10 मिलिमीटर आत घ्यावी.

सेफ मार्जिन मोजताना मराठी मजकुराच्या बाबतीत एक वेगळी काळजी घ्यावी लागते, आणि परदेशी नमुने समोर ठेवून काम करणाऱ्यांच्या हातून ती हमखास निसटते. रोमन अक्षरांची उंची ठरलेली असते. देवनागरीत शिरोरेघेच्या वर मात्रा, रफार, अनुस्वार आणि वेलांटीचा फाटा असतो, खाली उकार आणि ऋकार लोंबत असतात. मथळा वरच्या कडेपासून पाच मिलिमीटरवर आहे, असे आपण शिरोरेघ पाहून म्हणतो, आणि प्रत्यक्षात ‘खुसखुशीत चकल्या’ यातील वेलांटीचे शिखर कडेच्या दोन मिलिमीटर जवळ जाऊन बसलेले असते. तळाच्या ओळीतील ‘घरपोच पुरवू’ यातील उकारांचीही तीच गत. म्हणून माप मजकुराच्या चौकोनावरून न घेता शाईच्या सर्वांत बाहेरच्या टोकावरून घ्यावे.

आणखी एक घोटाळा मापाच्या नावातून होतो. आपल्याकडील छापखान्यांत डेमी आणि क्राउन ही जुनी मापे अद्याप तोंडी आहेत. डेमी म्हणजे 18 बाय 23 इंचांचा ताव. त्याचे आठ भाग केले की सहज हाती पडणारा तुकडा पावणेसहा बाय नऊ इंचांचा, आणि कडा कापून तयार होणारे माप साडेपाच बाय साडेआठ इंचांचे. यालाच डेमी एकअष्टमांश म्हणतात. हे माप मिलिमीटरांत सुमारे 140 बाय 216 होते, तर ए-फाइव्ह 148 बाय 210 असते. म्हणजे ए-फाइव्ह आठ मिलिमीटरने अधिक रुंद आणि सहा मिलिमीटरने कमी उंच. गिऱ्हाईक ए-फाइव्ह पाठवते, छापखाना ‘नेहमीची साइज’ म्हणून डेमी समजतो, आणि मग दोन्ही बाजूंनी चार-चार मिलिमीटर कापून तो कागदावर बसवतो. सेफ मार्जिनचा बहुतेक भाग तेथेच खर्ची पडतो. यासाठी मापाच्या नावावर न विसंबता, ‘कापून झाल्यावर हाती येणारे पत्रक किती मिलिमीटर बाय किती मिलिमीटर’ हा प्रश्न फाईल रचण्यापूर्वी विचारावा, आणि उत्तर लेखी घ्यावे. व्हॉट्सअॅपवरचा निरोपही चालतो. त्याच निरोपात ब्लीड किती हवे आणि कापण्याच्या खुणा हव्यात की नकोत, हेही विचारून घ्यावे, कारण अनेकांची कामे एकाच तावावर बसवणारे छापखाने पुष्कळदा खुणा नको म्हणतात.

फाईल प्रत्यक्ष रचताना पानाचे माप तयार पत्रकाएवढेच, म्हणजे 148 बाय 210 ठेवावे आणि ब्लीड निराळे सांगावे. पान एकदम 154 बाय 216 चे करून कोणाला न सांगता पाठवले, तर छापखाना तेच तयार माप समजून सारे पत्रक ए-फाइव्हमध्ये दाबून बसवतो, सगळी अक्षरे बारीक होतात आणि ब्लीडही हातचे जाते. कोरलड्रॉमध्ये कागदपत्राच्या मापांजवळच ब्लीडचे खाते असते, आणि पीडीएफ करताना `Prepress` या विभागात `Bleed limit` 3 मिलिमीटर करावी लागते. पानावर ब्लीड दाखवले म्हणजे ते पीडीएफमध्ये गेले, असे नव्हे. इनडिझाइनमध्ये निर्यात करताना `Use Document Bleed Settings` ही खूण करावी, आणि कापण्याच्या खुणा घेत असाल तर त्यांचे अंतर, म्हणजे `Offset`, मुद्दाम 3 मिलिमीटर करावे. ते मुळात दोन मिलिमीटरच्या आसपास ठेवलेले असते, त्यामुळे खुणा ब्लीडच्या रंगात घुसतात. फराळवाल्या बाईंनी पत्रक कॅनव्हावर केले होते. तेथे `Show print bleed` चालू केले की पानाभोवती एक जादा पट्टी दिसू लागते. पार्श्वभूमी त्या पट्टीच्या बाहेरच्या कडेपर्यंत ओढावी, आणि उतरवून घेताना `PDF Print` निवडून `Crop marks and bleed` या चौकोनात खूण करावी. कापण्याची जागा दाखवण्यासाठी कोणी पानाच्या कडेने काळी बारीक रेघ काढतात. तो मार्ग मात्र चुकूनही घेऊ नये, कारण ती रेघ छापली जाते आणि सुरी जेथे बाहेर पडेल तेथे पत्रकावर काळा दोरा राहतो.

पीडीएफ तयार झाल्यावर तिची रुजवात करणे कठीण नाही. फाईल उघडून `Document Properties` मध्ये पानाचे माप पाहावे. खुणांशिवाय काढलेल्या फाईलचे माप 154 बाय 216 आले तर ब्लीड आत आहे. 148 बाय 210 आले तर ते वाटेत गळले असण्याचा दाट संभव आहे. तरीही माप बरोबर आले म्हणजे रंग तेथवर पोहोचला, असे समजू नये: पान मोठे आणि पार्श्वभूमी मात्र जुन्याच मापाची, असेही होते, आणि मग ब्लीडच्या जागी पांढरी पट्टी राहते. म्हणून पान पुष्कळ मोठे करून चारही कोपरे एकेक डोळ्यांनी तपासावेत.

मला सर्वांत भरवशाची वाटते ती कात्रीची परीक्षा. घरच्या किंवा कोपऱ्यावरच्या प्रिंटरवर ए-फोर कागदावर पत्रकाच्या दोन प्रती काढाव्यात. छापताना मापाच्या जागी `Actual size` निवडावे, कारण `Fit` ठेवले तर यंत्र पान आपल्या मर्जीने आखडून घेते आणि मापे खोटी ठरतात. मग एक प्रत पोलादी पट्टी आणि पाते घेऊन नेमक्या रेघेवर कापावी, आणि दुसरी मुद्दाम दोन मिलिमीटर डावीकडे आणि दोन मिलिमीटर वर सरकवून कापावी. दुसरी प्रत हातात घेऊन पाहावे: कोठे पांढरे दिसते का, कोठे अक्षर गुदमरले आहे का, आणि चौकट वाकडी वाटते का. ही दुसरी प्रत जर कोणाला दाखवण्यासारखी असेल, तर गठ्ठ्यातली सर्वांत वाईट प्रतही तशीच निघेल. दुहेरी पत्रकाच्या पाठीलाही हीच परीक्षा करावी, कारण मागची बाजू छापताना ताव पुन्हा एकदा यंत्रात शिरतो आणि पुन्हा एकदा थोडा सरकतो.

पुढच्या वर्षी बाईंनी किरमिजी रंग चहूकडे 3 मिलिमीटर बाहेर नेला, सोनेरी रेघ कडेपासून 8 मिलिमीटर आत घेतली, क्रमांक तिच्याही आत बसवला, आणि फाईलसोबत निरोप पाठवला: ‘कापून 148 बाय 210, ब्लीड चहूकडे 3, फाईल लहानमोठी करू नये, शंका आल्यास आधी विचारावे.’ गठ्ठा घरी आला त्या दिवशी पाऊस होता. त्यांनी मधूनच चार प्रती उपसल्या आणि पट्टी लावून पाहिली. एकीवर रेघ डाव्या कडेपासून साडेसात मिलिमीटरवर आणि उजव्या कडेपासून साडेआठवर होती, दुसरीवर नेमकी उलट, आणि उरलेल्या दोहोंवर जवळजवळ सारखी. पट्टी बाजूला ठेवल्यावर मात्र चौघींमधला भेद त्यांना स्वतःलाही सांगता येईना, आणि त्या पत्ते लिहायला बसल्या.